तीन पानांची शेवटची सूचना

मरोळला माझं लेबल छपाईचं छोटं युनिट आहे. घाटकोपरच्या एका गिऱ्हाइकाकडे बिल अडकलं होतं, म्हणून सप्टेंबर 2024 मध्ये मी त्यांना ‘शेवटची सूचना’ पाठवली. ती तीन पानांची झाली. पैसे मागायला लिहिलेल्या त्या पत्राने पैसे तर आले नाहीतच, उलट समोरच्याला ते न देण्याचं कारण मिळालं.

हिशेब साधा होता. 12 जूनला माल पोचला, चलनावर त्यांच्या गोदामाचा सही-शिक्का पडला. जीएसटीसह बिल 1,86,440 रुपयांचं. त्यांच्याच पर्चेस ऑर्डरमध्ये 30 दिवसांची मुदत लिहिलेली, म्हणजे 12 जुलैला पैसे यायला हवे होते. 9 ऑगस्टला 50,000 आले. उरले 1,36,440.

पण माझ्या पत्रात हा आकडा दुसऱ्या पानाच्या मध्यावर होता. पहिल्या पानावर बिलाची पूर्ण रक्कम होती आणि शेवटी मी माझ्या मनाने 24 टक्के व्याज धरून काढलेली तिसरीच रक्कम. शिवाय कागदाचे वाढलेले भाव, कामगारांचा दिवाळी बोनस, आमचे जुने संबंध, फोन न उचलल्याचा राग, ‘पोलिसांत जावं लागेल’ हा इशारा, सगळं त्यात होतं. सर्वांत महाग पडलं ते पुढचं वाक्य: ‘एका लॉटमध्ये शेड थोडी फिकी आली असेल, पण तेवढ्यावरून कुणी पैसे अडवतं का?’

तोवर शेडबद्दल त्यांच्याकडून एक ओळही लेखी आली नव्हती. मीच समजूतदारपणा दाखवायला ती गोष्ट काढली. आठवड्याभरात त्यांच्या अकाउंट्समधून ईमेल आला: आपण शेडमधला फरक मान्य केला आहे, तरी डेबिट नोटचा निर्णय होईपर्यंत पेमेंट थांबवत आहोत.

माझ्या आईच्या शेजारी, मुलुंडला, एक काका राहतात. त्यांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये गेली, पुरवठादारांची बिलं पास करण्यात. त्यांना पत्र दाखवलं. त्यांनी ते वाचायच्या आधी पेन्सिल घेतली आणि विचारलं, “बिल नंबर कुठे आहे यात?” तो नव्हताच. तारीख होती, नंबर नव्हता.

“हे बघ,” काका म्हणाले, “तुझं पत्र मालक वाचत नाही. ते जातं बिल पास करणाऱ्या मुलाकडे. त्याला बिल नंबर, चलन, बाकी रक्कम आणि तारीख पाहिजे. लेजरशी जुळलं की तो व्हाउचर पुढे सरकवतो. आणि पैसे आलेच नाहीत तर हेच पत्र उद्या लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेत कुणीतरी तिसरा माणूस वाचेल. या दोघांना ज्याचा उपयोग नाही ते खोड.”

मग पेन्सिल चालली. बोनस गेला, कागदाचे भाव गेले. जुने संबंध मला ठेवायचे होते. काका म्हणाले, ते तुझ्या भाषेत दिसू देत, त्यावर परिच्छेद नको. पोलिसांची ओळ त्यांनी दोनदा खोडली. बिल थकणं ही दिवाणी बाब आहे. धनादेश परत आला असता तर गोष्ट वेगळी, पण इथे धनादेश दिलेलाच नव्हता. पोकळ धमकी वाचली की समोरचा उरलेल्या खऱ्या ओळींनाही किंमत देत नाही.

कायद्याचं कलमही मी चुकीचं निवडलं होतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न दिल्यास गिऱ्हाइकाला त्या खर्चाची वजावट मिळत नाही, हे आयकराचं कलम 43बी(एच) मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. पण 31 मार्चच्या आत पैसे दिले तर त्याच वर्षी वजावट मिळते. सप्टेंबरमध्ये त्याची भीती कोणाला वाटेल? आमच्या कामाचं होतं ते 2006 च्या एमएसएमईडी कायद्याचं कलम 16. मुदत उलटल्यावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तेव्हा बँक रेट 6.75 टक्के होता, म्हणजे वर्षाला 20.25. बाकी रकमेवर एका महिन्याचे साधारण 2,300 रुपये होतात. माझ्या 24 टक्क्यांना कसलाच आधार नव्हता, ना ऑर्डरमध्ये ना बिलावर. आमची उद्यम नोंदणी जुनी आहे आणि माल आम्ही स्वतः तयार करतो, त्यामुळे या कायद्याचा आधार आम्हाला मिळतो. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला तो तसा मिळत नाही.

शेडचं काय करायचं, यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. मला खुलासा लिहायचा होता: मशीन, शाई, मंजूर नमुना. काका म्हणाले, खुलासा दिलास की चर्चा सुरू. कायद्यानुसार माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल पोचल्याच्या दिवशीच तो स्वीकारला असं धरतात. तेवढं एक वाक्य पुरे.

सोमवारी, 14 ऑक्टोबरला, ईमेल आणि स्पीड पोस्टाने गेलं ते हे:

‘विषय: बिल क्र. 118, दि. 12 जून 2024. बाकी रु. 1,36,440. अंतिम मागणी.

सप्रेम नमस्कार. वरील बिलाचा माल 12 जून रोजी आपल्या घाटकोपर गोदामात पोचला. सही-शिक्क्याचं चलन सोबत आहे. त्यानंतर 15 दिवसांत आपली कोणतीही लेखी हरकत आली नाही. बिलाची रक्कम रु. 1,86,440 ही 12 जुलै रोजी देय होती. 9 ऑगस्ट रोजी रु. 50,000 मिळाले, आभारी आहोत.

बाकी रु. 1,36,440 शुक्रवार, 25 ऑक्टोबर 2024 पर्यंत सोबत दिलेल्या खात्यात जमा करावेत, ही विनंती. तोवर पूर्ण रक्कम मिळाल्यास व्याज मागणार नाही. न मिळाल्यास एमएसएमईडी कायद्याच्या कलम 16 प्रमाणे व्याजासह वसुलीसाठी कलम 18 खाली सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज करू. पेमेंटबाबत बोलायचं असल्यास मला थेट फोन करावा.’

व्याज सोडायला माझा विरोध होता. काकांनी ‘तोवर पूर्ण रक्कम मिळाल्यास’ या शब्दांवर बोट ठेवलं. अट घालून सोडलेलं व्याज समोरच्याला वेळेत पैसे द्यायचं कारण देतं. नुसतं ‘व्याज नको’ लिहिलं असतं तर हक्क गेला असता आणि हाती काहीच आलं नसतं. तारीखही त्यांनीच वारासकट घालायला लावली. मी ‘सात दिवसांत’ लिहिलं होतं. सात दिवस कधीपासून, पत्राच्या तारखेपासून की ते हातात पडल्यापासून, यावरच फोनाफोनी झाली असती.

24 तारखेला 1,31,440 रुपये जमा झाले. पाच हजार त्यांनी शेडच्या नावाने कापले, सोबत माझ्या सप्टेंबरच्या पत्राची प्रत जोडून, तेच वाक्य अधोरेखित केलेलं. पूर्ण रक्कम न आल्याने व्याज मागायचा हक्क माझ्याकडे होता. काकांचंही मत होतं की मागावं. मी फोन केला, त्यांच्या अकाउंट्सच्या मुख्य बाईंशी बोलले आणि पाच हजारांची क्रेडिट नोट देऊन खातं मिटवलं. ते वाक्य मीच लिहिलं होतं. आता माल निघतो तेव्हा मंजूर नमुन्याचं एक लेबल चलनाला चिकटवलेलं असतं आणि गोदामवाल्याची सही अर्धी चलनावर, अर्धी त्या लेबलवर घेतली जाते.