‘इथे बोअर नको’ हे सांगायचं कसं?

प्रिय ताई,

आपल्या भूशास्त्र विभागात तुझं नाव अजून निघतं. मी यंदा एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि भूजलाच्या कामात यावं असं मनात आहे. नोकरीसाठी कुठे शब्द टाक, असं म्हणत नाही. वीस मिनिटं फोनवर बोलशील का, एवढंच विचारायचंय. काय विचारणार ते आधीच कळवतो.

पहिला प्रश्न यंत्राचा. प्रकल्पासाठी आम्ही एका शेतात रेझिस्टिव्हिटी घेतली. एका ओळीत चार सळया ठोकल्या, बाहेरच्या दोन्हींतून वीज सोडली आणि आतल्या दोन्हींमधला विद्युतदाब मोजला. एका खोलीला आकडा एकदम खाली आला. पाणी लागणार म्हणून सगळे खूश. शेजारच्या विहिरीत उतरून पाहिलं, तर वर मुरूम, त्याखाली मांजऱ्या खडक आणि साधारण त्याच खोलीला लाल गेरूचा थर. तो चिकणमातीसारखा, म्हणून आकडा कमी दाखवतो. पण पाणी सोडत नाही. पाझर होता तो त्याच्या वर, मांजऱ्याच्या भेगांतून. जवळपास विहीर नसेल, तर गेरू आणि पाणी यांतला फरक तू कशावरून ओळखतेस?

दुसरा प्रश्न माणसांचा. शेतकऱ्याने कर्ज काढलेलं असतं, बोअरची गाडी बांधावर उभी असते आणि पाणाड्याने तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवलेली असते. खाली अखंड काळा पाषाण आहे असं आपल्याला वाटतं, पण खात्री देता येत नाही. अशा वेळी ‘इथे घेऊ नका’ हे तू कोणत्या शब्दांत सांगतेस? आणि तुझं न ऐकता बोअर घेतला नि पाणी लागलं, तर पुढच्या वेळी त्या गावात कशी जातेस?

तिसरा प्रश्न पहिल्या दोन वर्षांचा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. तिथे एकाच विहिरीची वर्षानुवर्षांची नोंद हाताशी असते. पण सरकारी जागांची जाहिरात कधी निघेल, याचा नेम नाही. पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थेत गेलो, तर गावं भरपूर पाहायला मिळतील. मात्र प्रकल्पाचा निधी संपला की काम थांबतं. तू आज सुरुवात करत असतीस, तर परीक्षेच्या तयारीला बसली असतीस की आधी संस्थेत गेली असतीस?

संध्याकाळी सातनंतर मी रोज मोकळा असतो. तुझ्या सोयीचा दिवस कळव, फोन मीच करीन. कामाच्या गर्दीत तेही जमलं नाही, तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेवढं दोन ओळींत पाठव. पुढचं पाऊल त्यावर ठरवायचं आहे.

तुझा,
विभागातला धाकटा भाऊ