लेक्क एल्लि?

गेल्या वर्षी मी बेळगावचा कुंदा ऑनलाइन विकण्याचा उद्योग बंद केला. गिऱ्हाइकांना आणि पैसे घातलेल्या दोघा मित्रांना कळवायचं होतं. पहिल्या मजकुरात मी सगळा दोष बाजारावर आणि कुरिअरवर ढकलला. आमची अव्वा माहेरची धारवाडची. तिला वाचून दाखवला, तर म्हणाली, ‘‘लेक्क एल्लि?’’ हिशेब कुठाय?

रात्री हिशेब मांडला. डबा 300 रुपयांना. कुंदा, खोकं, कुरिअर मिळून खर्च 235, म्हणजे सुटायचे 65. पण डबा हातात आल्यावर पैसे द्यायची सोय ठेवली होती आणि दहातले तीन डबे परत यायचे. कुणी घरी नसे, कुणाचा विचार बदललेला. परत आलेला कुंदा विकण्याजोगा राहत नसे. वर परतीचं भाडं 50. म्हणजे अशा प्रत्येक डब्यामागे 285 बुडाले. सात डब्यांत मिळाले 455, तिनांत गेले 855. दहा ऑर्डरींमागे 400 रुपयांची खोट! आणि मी ऑर्डरी वाढल्या म्हणून पेढे वाटत होतो.

हेच आकडे मराठी आणि कन्नडमध्ये लिहिले. आगाऊ पैसे भरलेल्यांना ते कोणत्या तारखेला परत मिळतील, तेही. परतीचे डबे चौथ्या महिन्यातच दिसले होते, मित्रांना मात्र सांगितले नाहीत, हे वाक्य लिहायला सर्वांत जड गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकाचा फोन आला. आधी बराच वेळ रागावला. मग म्हणाला, ‘‘पुढचा धंदा काढशील तेव्हा परतीचा रकाना आधी मला दाखव.’’