गहाण गंठण आणि लिलावाचा हिशेब

विंझर परिसरातल्या वस्त्यांमध्ये आम्ही बचत गटाच्या निमित्ताने जातो, तेव्हा जूनमध्ये एक विषय हमखास निघतो. भातलावणीची मजुरी आणि मुलांची फी एकाच महिन्यात अंगावर येते आणि घरातली बाई गंठण उतरवते. सातबारा नावावर नसलेल्या माणसाला बँक दारात उभे करत नाही, सोने मात्र घेते. म्हणून हा व्यवहार आपल्या घरांत इतका आहे, आणि म्हणूनच त्याचा हिशेब आपल्याला यायला हवा.

एका ताईंनी आम्हाला विचारले, "माझं गंठण चोवीस ग्रॅमचं. सोनाराकडे भाव विचारून गेले होते. मग पैसे एवढे कमी का दिले?" आम्ही त्यांच्या ओट्यावर बसून आकडे मांडले. सोपे जावे म्हणून बावीस कॅरेटचा दर ग्रॅमला १०,००० रुपये धरला.

२४ ग्रॅम हे ढोबळ वजन. काळे मणी, दोरा, आतली लाख यांचे २ ग्रॅम वजा झाले, राहिले २२. खडे असतील तर त्यांचीही किंमत धरत नाहीत. घडणावळ तर सोनाराने घेतली तेव्हाच गेली. मग कस पाहिला तर माल वीस कॅरेटचा निघाला. वीस कॅरेटचे २२ ग्रॅम म्हणजे बावीस कॅरेटचे २० ग्रॅम. किंमत झाली २ लाख. दरही त्या दिवशीचा दुकानातला नसतो. आधीच्या तीस दिवसांची सरासरी आणि आदल्या दिवशीचा बंद भाव यांत जो कमी, तो धरतात.

रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये काढलेले निर्देश १ एप्रिल २०२६ पर्यंत अमलात आणणे बँका आणि वित्त कंपन्यांना बंधनकारक केले. त्यानुसार घरखर्चाचे कर्ज अडीच लाखांपर्यंत असेल तर किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत देता येते. त्यापुढे पाच लाखांपर्यंत ८०, आणि त्याच्या वर ७५. ताईंच्या बाबतीत मर्यादा १,७०,००० आली. पण त्यांनी वर्षअखेर मुद्दल-व्याज एकरकमी फेडायचे ठरवले होते. अशा कर्जात ही मर्यादा हातात येणाऱ्या रकमेला लागत नाही, वर्षाने फेडायच्या पूर्ण रकमेला लागते. बारा टक्के व्याज धरले तर हातात साधारण १,५१,७०० येतात. इथे कुणी फसवले असेलच असे नाही. फसवणूक होते ती वजावटीत. दोनऐवजी चार ग्रॅम कापले तर कुणाला कळणार? म्हणून कस आणि वजन कर्जदारासमोरच व्हायला हवे, आणि ढोबळ वजन, निव्वळ वजन, वजावट, कॅरेट, किंमत लिहिलेला कागद मागून घ्यायचा. तो मिळण्याचा हक्क आहे, उपकार नाही.

आता कर्ज थकले तर काय? आपल्याकडे समज असा की मुदत टळली की दागिना गेला. तसे नाही. सोने गहाण असते, विकलेले नसते. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७६ प्रमाणे आधी वाजवी नोटीस देऊनच ते विकता येते, आणि कलम १७७ प्रमाणे प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत, थकबाकी व झालेला खर्च भरून, दागिना सोडवता येतो. लिलावाची तारीख पडली म्हणून रडत बसू नये, त्या दिवसापर्यंत दार उघडे असते.

लिलावात राखीव किंमत त्या वेळच्या मूल्याच्या ९० टक्क्यांच्या खाली ठेवता येत नाही. दोनदा लिलाव फसला तर ८५. ताईंचे देणे दंड-खर्च धरून १,८०,००० झाले आणि सोने ११,००० वर गेले असे समजू. गंठण २,२०,००० चे, राखीव किंमत १,९८,०००. तेवढ्यालाच गेले तरी १८,००० ताईंचे. ते लिलावाचे पैसे हाती आल्यापासून सात कामाच्या दिवसांत परत करायचे असतात. आमच्या माहितीतल्या एका घरात हे पैसे कुणी मागितलेच नाहीत, कारण उरतात हेच ठाऊक नव्हते. उलट भाव ९,००० वर उतरला तर राखीव किंमत १,६२,००० येते. तेवढ्यालाच विकले तर गंठणही जाते आणि १८,००० अंगावर राहतात. सिबिलवर डाग पडतो तो वेगळाच.

नुसते व्याज भरून पावती फिरवत राहणारेही पुष्कळ आहेत. मुदतीआधी, कर्ज थकण्यापूर्वी, साचलेले व्याज भरून नूतनीकरण होते. पण त्या दिवशीच्या भावाने कर्ज मर्यादेत बसले पाहिजे. भाव पडला असेल तर फरकाचे पैसे हाताशी ठेवूनच जावे.

हे सगळे बँक आणि वित्त कंपनीपुरते. पतसंस्थेवर सहकार खात्याचे नियम चालतात. सावकाराला २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली परवाना लागतो. वहीच्या फाटक्या पानावर वजन लिहून दागिना ठेवून घेणाऱ्याला आधी परवाना दाखवायला सांगावे, आणि तो नसेल तर तक्रार उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करावी.