लोखंडाऐवजी वाळू

१६ जून २०२५, सोमवार

शाळा उघडली. पहिल्याच तासाला नववीच्या मुलामुलींना दहा बैठका सावकाश मारायला सांगितल्या आणि मी नुसता त्यांच्या पायांकडे बघत राहिलो. निम्म्याहून जास्त जणांच्या टाचा अर्ध्यावरच उचलल्या जात होत्या. खो-खोच्या संघातली एक मुलगी, पाठलागात कुणाला न आवरणारी; पण बैठकीतून उठताना तिचे दोन्ही गुडघे आत, एकमेकांकडे झुकत होते. खेळताना गर्रकन वळलं किंवा उडी मारून पाय टेकला की गुडघा असाच आत जातो आणि लिगामेंट दुखावतं. नुसत्या पळण्यानं हे सुधारत नाही, मांड्या आणि कंबरेभोवतीचे स्नायू बळकट व्हावे लागतात. मुख्याध्यापिका बाईंना यंदा पत्र द्यायचंच. शाळेत ताकदीच्या व्यायामाचा एक लहानसा कोपरा हवा.

१८ जून, बुधवार

मधल्या सुट्टीत टेप घेऊन जागा मोजली. जिन्याखालची खोली रिकामी आहे, पण छत उतरतं. उंच मुलानं हात वर केला की आपटणार. चित्रकलेच्या वर्गामागची पडवी मिळाली तर बारा बाय चौदा फूट होते. तिथे पाच जण व्यायाम करतील आणि पाच जण भिंतीशी बसून जोडीदाराकडे लक्ष देतील. दहाच्या वर एकही मूल घ्यायचं नाही, कारण एका माणसाचे डोळे त्यापुढे पुरत नाहीत. खाली शहाबादी फरशी आहे, पावसाळ्यात ती ओलसर राहते. रबरी मॅट टाकली तर दर शनिवारी उचलून उभी करावी लागेल, नाहीतर खाली पाणी धरतं आणि मॅट सरकते. पत्रात हे लिहायला हवं. मॅट सरकली की मूल पडतं, मग वजन कितीही हलकं असो.

२० जून, शुक्रवार

पालख्या आज पुण्यात येणार म्हणून शाळा लवकर सुटली. लक्ष्मी रस्त्याकडे जाणं शक्यच नव्हतं, म्हणून घरी बसून पत्राचा सगळ्यात अवघड भाग लिहिला: काय मागायचं.

डंबेल्स मागायचे नाहीत, हे ठरवलं. अमेरिकेत इस्पितळांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या वजनाच्या दुखापतींचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात आठ ते तेरा वर्षांच्या मुलांच्या सुमारे दोन तृतीयांश दुखापती हाताच्या पंजाला आणि पावलाला झालेल्या होत्या. बहुतेक वजन पडून किंवा बोटं चिमटून. म्हणजे या वयात पाठीआधी पायाचा अंगठा धोक्यात असतो. लोखंडाचं चार किलो पायावर पडलं तर नख जातं, कधी हाडही. तेवढीच वाळू कॅनव्हासच्या पिशवीत असेल तर ती पडताना पसरते, आणि बोट अडकायला तिला फटच नसते. आत प्लॅस्टिकची जाड पिशवी, बाहेर दुहेरी शिवणीचा कॅनव्हास, वर पकडायला पट्टा. दोन, चार, सहा आणि आठ किलो. प्रत्येकीवर रंगानं वजन लिहायचं आणि जड पिशव्या खालच्या फळीवर ठेवायच्या. सोबत रबरी बँड, लाकडी काठ्या आणि दोन हलके मुद्गल. मुद्गल मात्र मी समोर असतानाच, एका वेळी एकालाच.

२४ जून, मंगळवार

आज पत्र दिलं. मुख्य भाग इथे उतरवून ठेवतो.

‘माननीय बाई, सप्रेम नमस्कार. आठवी-नववीसाठी आठवड्यातून दोन दिवस, मंगळवारी आणि शुक्रवारी, शाळा सुटल्यावर पस्तीस मिनिटांचा ताकदीचा वर्ग घ्यावा अशी विनंती आहे. पहिले तीन आठवडे वजन अजिबात नाही. बैठक, भिंतीला हात टेकून जोर, काठी पाठीला लावून कंबरेतून वाकणं आणि बँड ओढणं, एवढंच. सगळ्यात जास्त वजन कोण उचलतो याची स्पर्धा कधीही होणार नाही. दमा, हृदयाचा त्रास, फिट येणं, वाढलेला रक्तदाब किंवा नुकतंच मोडलेलं हाड असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. पालकांची सही सगळ्यांनाच.’

२७ जून, शुक्रवार

बाईंनी बोलावलं. पत्र त्यांनी पेन्सिलीने खुणा करून वाचलं होतं. “सर, एकच विचारते. उंची खुंटते म्हणतात ना? पालक पहिला हाच प्रश्न करणार.”

त्यांना सांगितलं की हाडांच्या टोकांजवळ वाढीचा मऊ थर असतो आणि भीती त्याचीच आहे. त्याला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. ती बहुतेक देखरेखीविना, चुकीच्या पद्धतीनं किंवा झेपणार नाही एवढं वजन उचलल्याची आहेत. नीट देखरेखीखाली केलेल्या व्यायामानं उंची खुंटते असं दिसलेलं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये हेच मांडलंय. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणाऱ्या हालचाली कराव्यात, असं जागतिक आरोग्य संघटनाही त्याच वर्षी म्हणाली.

मग बाई म्हणाल्या, “टिळक रोडवर महाराष्ट्रीय मंडळ आहे, पेठांत तालमी आहेत. शाळेनंच का?”

मंडळ १९२४ पासून आहे आणि ज्यांना जायचंय ती मुलं जातातच. मला बाकीच्यांची काळजी आहे. बसने लांबून येणाऱ्या मुली, कुठल्याच संघात नसलेली मुलं, यांच्यासाठी शाळेच्या आवारातलीच जागा उपयोगाची. बाई गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “वजन कधी वाढवायचं हे कोण ठरवणार? तेवढं मला लेखी द्या.”

प्रश्न अगदी नेमका होता. मुलं एकमेकांकडे बघून वजन वाढवतात. गडबड तिथेच होते.

१ जुलै, मंगळवार

पुरवणी लिहिली. नियम सांगण्यापेक्षा खो-खोतल्या त्या मुलीचंच उदाहरण घेतलं, नाव न घालता.

आधी ती बाकावर बसून उठेल, गुडघ्यांभोवती सैल बँड. बँड बाहेर ताणून धरायचा, म्हणजे गुडघा आत गेला की तिचं तिलाच कळतं. मग बाक काढायचा. नंतर दोन किलोची पिशवी छातीशी कवटाळून दहा बैठकांचे दोन फेरे, मध्ये दीड मिनिट विश्रांती. फेरा संपताना आणखी दोन-तीन बैठका सहज झाल्या असत्या, इथेच थांबायचं. लागोपाठच्या दोन वर्गांत दोन्ही फेऱ्यांत बारा बैठका स्वच्छ झाल्या तरच चार किलो. स्वच्छ म्हणजे टाचा जमिनीवर, गुडघे पावलांच्या रेषेत, पाठ गोल न होता, श्वास न कोंडता. यातलं एक चुकलं की फेरा तिथेच संपला. दुसऱ्यांदा चुकलं की वजन एक पायरी खाली. वहीत नोंद जोडीदार करेल, वजन मी वाढवेन.

हाच हिशेब हातांना लावता येत नाही. बैठकीत तिचं स्वतःचं वजनही उचललं जातं, म्हणून दोनाचे चार झाले तरी पायांना थोडीच वाढ होते. डोक्यावर ढकलताना मात्र दोनाचे चार म्हणजे थेट दुप्पट. त्यासाठी अर्ध्या अर्ध्या किलोच्या छोट्या पुरचुंड्या शिवून घ्यायच्या.

दुखण्याबद्दलही लिहिलं. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर चालेल. सांध्यात, एकाच बाजूला किंवा टोचल्यासारखं दुखलं तर त्या दिवशी व्यायाम बंद आणि घरी फोन. पालकांना हेही सांगायचं की पहिल्या दोन-तीन महिन्यांत दंड फुगलेले दिसणार नाहीत. या वयात सुरुवातीची ताकद मुख्यतः मेंदू आणि नसा स्नायूंना नीट कामाला लावू लागतात म्हणून वाढते. मूल काही होत नाही म्हणून घरी गुपचूप जास्त उचलायला लागलं, तर इथली सगळी शिस्त वाया जाईल.

४ जुलै, शुक्रवार

बाईंनी दिवाळीपर्यंत एका तुकडीची परवानगी दिली. पाच मुली, पाच मुलगे. त्यांची एक अट पत्रात नव्हती: मी रजेवर असेन त्या दिवशी वर्ग बंद, बदली शिक्षक घ्यायचे नाहीत, पिशव्यांच्या कपाटाची किल्ली ऑफिसात. मी लगेच हो म्हटलं. हे मलाच सुचायला हवं होतं इतकं ते बरोबर आहे.

संध्याकाळी शिंप्याकडे कॅनव्हास टाकला. त्यानं एकेरी शिवण पुरेल म्हणून सांगितलं. दुहेरीच घाला, म्हटलं. सोमवारी पालकांची पत्रकं वाटायची आहेत.