चार ओळींचा शनिवार-रविवार

सुट्टीच्या फोटोंखालचा मजकूर बहुतेकदा निकामी होतो तो ‘मग’, ‘नंतर’, ‘शेवटी’ या शब्दांमुळे. ‘शनिवारी मळवलीला उतरलो, मग लोहगड चढलो, खूप पाऊस होता, नंतर भजी खाल्ली, धमाल आली’ यातलं काहीही खोटं नाही, पण निम्मं फोटोत दिसतंच आहे आणि ‘धमाल’ हा शब्द कुठल्याही सहलीला चालतो. आकडे घालून ओळी सुट्या केल्या की हे सांधे गळतात आणि प्रत्येक ओळीला स्वतःच्या बळावर उभं राहावं लागतं. तीच सहल अशी लिहिता येईल :

१. छत्र्या तीन, माणसं पाच.
२. भाज्यापासून वर दोन तास, त्यातला अर्धा रेनकोट चढवण्यात.
३. विंचूकाट्यावरून दिसलेले डोंगर : शून्य.
४. तरी खाली उतरायची घाई कुणालाच नाही.

फोटोत न मावणारं तेवढंच इथे उरलं आहे. पहिल्या तीन ओळींत एकेक मोजमाप आहे. चौथीत ते नाही, आणि ‘मजा आली’ न म्हणता ती कळते. यादीत काहीतरी एक कायम राहावं लागतं, तरच बदल जाणवतो. दासबोधातल्या मूर्खलक्षणांचा समास पाहावा : एकामागून एक लक्षणं येत जातात, पण ओव्यांचा शेवट पुन्हा पुन्हा त्याच शब्दांवर येतो, म्हणून इतकी लांब यादीही विस्कटत नाही. फोटोखाली चार ओळी असताना ती कायम गोष्ट मोजमाप असेल, एखादा वास असेल किंवा कुणाचं तरी बोलणं असेल. चारही ओळी चार दिशांना गेल्या, तर ते नुसतं सामान होतं.

हा प्रकार आळशी आहे, वाक्यं जोडायची मेहनत चुकवणारा आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो वाईट याद्यांना पूर्ण लागू पडतो. त्या ओळखायची एक सोपी कसोटी आहे : दुसरी आणि चौथी ओळ अदलाबदल करून वाचावी. काहीच बिघडलं नाही, तर यादी अजून लिहून झालेली नाही. वरची चौथी ओळ दुसरी केली तर तिच्यातला ‘तरी’ अधांतरी लटकतो, कारण धुक्याने घालवलेला देखावा तिच्याआधी यायलाच हवा. म्हणजे जोडणी आहेच, ती फक्त क्रमात गेली आहे. पहिल्या ओळीचं गणित थोडं वेगळं. इन्स्टाग्रामवर सुरुवातीचा थोडाच मजकूर आपोआप दिसतो, बाकीचा उघडावा लागतो. ती मोक्याची जागा ‘वीकेंडचा आढावा’ अशा शीर्षकावर खर्च करू नये, छत्र्यांनाच द्यावी.

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो : सगळेच दोन दिवस असे तुकड्यांत येत नाहीत. शनिवारी आजीला घरी आणलं असेल आणि रविवारभर तेच एक मनात असेल, तर त्याचे चार तुकडे पाडणं कृत्रिम होतं. तिथे आकडे काढून टाकावेत आणि सलग परिच्छेद लिहावा.