बोलावं, पण भांडं हातात घेऊन

एरवी रिक्षावाल्याशी सुट्या पैशांवरून हुज्जत घालणारी आपली तोंडं, कामाच्या मावशींना दोन शब्द सांगायची वेळ आली की एकदम मिटतात. मग आडवाटा सुरू होतात. कोणी मावशी मोरीत असतानाच लेकीला मोठ्यांदा सांगते, "ताट परत विसळून घे गं, तेलकट आहे!" लेकी बोले सुने लागे. कोणी मावशींची पाठ वळताच सगळी भांडी पुन्हा घासते, आणि त्या आदळआपटीवरून शेजारणीलाही घरातली नाराजी कळते. कळत नाही ती फक्त मावशींना. कोणी महिनोन् महिने गिळून बसते आणि ऐन दिवाळीत, पाहुणे दिवाणखान्यात असताना, एका पेल्यावरून सगळा साठलेला हिशेब बाहेर काढते. काल चालत होतं ते आज का चालेना, हे मावशींना उमगत नाही. त्या काम सोडतात, आणि घर नव्या मावशी शोधायला लागतं.

जी बोलते, ती बहुधा म्हणते, "मावशी, भांडी जरा नीट घासत जा." या वाक्यातून मावशींच्या हाती काय लागतं? त्या सकाळपासून चार घरं करून आलेल्या असतात. एका घरी कढईचं बूड लखलखीत लागतं, दुसऱ्या घरी साबणाचा वास राहिलेला चालत नाही, तिसऱ्या घरी फक्त लवकर आटपून जा म्हणतात. यातलं 'नीट' नेमकं कोणत्या घरचं? त्या "बरं वहिनी" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच भांड्यांवर थोडा जास्त जोर लावतात. ताट तेलकटच राहतं, कारण प्रश्न जोराचा नसतोच.

म्हणून तोंड उघडण्याआधी भांडं बघावं. स्टीलचं ताट नळाखाली धरलं आणि पाणी सपाट पसरून निथळलं, तर ताट स्वच्छ आहे. पाणी थेंबाथेंबानं गोळा होऊन घरंगळलं आणि बोट फिरवल्यावर चिकट लागलं, तर तेल राहिलंय. पेल्यात पाणी घालून हलवलं आणि फेस आला, तर घासलंय ठीक, विसळलंय कमी. आणि वाळलेल्या भांड्यावर पांढुरके, खरखरीत ठिपके असतील, लिंबाची फोड चोळताच ते जात असतील, तर तो बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यातला क्षार आहे. तो मावशींच्या हातचा दोष नव्हे. त्याबद्दल त्यांना बोलणं हा निव्वळ अन्याय. कढईच्या बाहेरून वर्षानुवर्षं जळून बसलेला काळा थरही तसाच, रोजच्या घासण्यानं तो निघत नाही. बघणाऱ्याला सगळी भांडी सारखीच अस्वच्छ दिसतात, पण कारण वेगळं असलं की सांगायचं वाक्यही वेगळं होतं.

आमच्याकडे मामला तेलाचा होता. वेळ निवडली ती मावशी आल्या आल्याची, नळ सोडायच्या आधीची. पदर खोचून पुढच्या घरी निघालेल्या बाईला उंबऱ्यात थांबवून सांगितलेलं कानाआड जातं. पगाराच्या दिवशी सांगितलं तर त्या शब्दांना पैशाचा वास येतो. घरातलं कोणी आजूबाजूला नव्हतं. मी ताट त्यांच्या हातात दिलं.

"मावशी, यावर जरा पाणी सोडून बघता?"

पाणी गोळा होऊन थेंब थेंब घरंगळलं. त्यांनी अंगठा फिरवला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "तेलकट राहिलंय की."

"पेलेसुद्धा तसेच लागतायत दोन-चार दिवस. तुम्ही कढई आधी घासता का हो?"

"हो. ते धूड आधी काढलं की मोरीत जागा होते."

कारण रास्त होतं. पण कढईचं सगळं तेल घासणीत जात होतं, आणि तीच घासणी मग ताटा-पेल्यांवर फिरत होती. थंड पाण्यात ते तेल सुटत नव्हतं, नुसतं पसरत होतं. वर कितीही साबण लावला तरी फरक पडणार नव्हता.

"मग असं करू," मी म्हटलं. "कढई मी मोरीत टाकतच नाही. रद्दी कागदानं पुसून, गरम पाणी नि साबण घालून ओट्यावर ठेवते. तुम्ही आधी पेले घ्या, मग ताटं-वाट्या, आणि कढई सगळ्यात शेवटी."

त्यांनी मान डोलावली, घासणी उचलून दाखवली. "आणि वहिनी, ही तेवढी बदला. हिच्यात आता दम नाही."

बोलणं एवढंच. त्यात त्यांच्या स्वभावाबद्दल, "हल्ली तुमचं लक्षच नसतं" असल्या धर्तीचं एक अक्षरही नव्हतं. ते वाक्य आलं असतं तर घासणीची गोष्ट त्यांनी मला कधीच सांगितली नसती. सांगणं एकाच गोष्टीचं होतं. फरशीच्या कोपऱ्यातला केर, कुकरच्या रिंगेतलं खरकटं, हेही मनात होतं, पण ते त्या दिवशी काढलं असतं तर ती यादी झाली असती, आणि यादी ऐकणाऱ्याला आपल्याला काढून टाकायचा बेत दिसतो.

दुसरा हिशेब वेळेचा. भांड्यांचा क्रम बदलायला जादा मिनिट लागत नाही, म्हणून तो नुसता सांगता येतो. पण रोजच्या फरशीला दोनदा पाणी बदला, आठवड्याला डबे काढून घासा, हे जादा काम आहे. त्याला वेळ जातो, पुढचं घर लांबतं. अशा वेळी सुधारणेची गोष्ट पगाराच्या गोष्टीसकटच काढावी. वाढीव काम गोड आवाजात फुकट मागणं याला कोणी सभ्यपणा म्हणत नाही.

1980 साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली आणि पगाराबरोबर रजेचा, आजारपणाचा प्रश्नही चव्हाट्यावर आला. 2008 मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण ताट किती घासलं म्हणजे पुरे, हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही आणि लिहिता येणारही नाही. बहुतेक घरांत लेखी करार नसतो. मोरीपाशी जे ठरतं तोच नियम, म्हणून तिथं बोललेला शब्द मोजून बोलावा लागतो.

आणि ठरलेलं पाळायचं दोघींनी. ज्या दिवशी मी कढई तशीच मोरीत टाकेन, त्या दिवशी ताटाबद्दल बोलायचा माझा हक्क गेला. उलट ताटं चांगली निघाली तर तेही त्याच मोरीपाशी सांगावं: "मावशी, पेले आता अगदी कोरडे लागतात हाताला." नुसतं "छान झालं" म्हणू नये; काय छान झालं, ते म्हणावं. एवढं करूनही महिनाभरात काही बदललं नाही, तर काम दुसरीकडे बघायला सांगण्यातही गैर नाही. मात्र तेही तोंडावर, चालू महिन्याचा पूर्ण पगार हातात ठेवून आणि दुसरं घर शोधायला वेळ देऊन.

तेव्हा उद्या ताट चिकट लागलं तर लेकीला हाक मारू नका आणि दिवाळीपर्यंत थांबूही नका. तेच ताट घेऊन मोरीपाशी जा, कामाची रीत आधी विचारा, एकच गोष्ट सांगा, आणि त्यातली आपली बाजू कोणती तेही त्याच दमात सांगून टाका.