अस्तराचा पीळ

इचलकरंजी,
रविवार, दुपार

चि. मृण्मयीस,


तुझे फोटो पाहिले. हातमागाच्या सुती कापडाचा निळा स्कर्ट छान बसलाय. कंबरपट्टी सपाट आहे, बाहेरचा घेरही दोन्ही बाजूंनी सारखा पडतोय. तक्रार एवढीच, की आतलं अस्तर दुपारपर्यंत फिरतं आणि त्याची डावी शिवण मांडीवर पुढे येते. खाली ते स्कर्टला जोडून टाकू का, असं विचारलंयस. जोडू नकोस. खाली जोडलंस तर तोच पीळ बाहेरच्या कापडाला ओढेल आणि आज जे लपलंय ते चारचौघांत दिसेल. शिवाय सुती कापड धुतल्यावर थोडं आटतं आणि पॉलिएस्टरचं क्रेप आटत नाही. दोन्ही खाली बांधलेली असली की पहिल्या धुण्यानंतर घेराजवळ फुगा येतो. अस्तर कंबरेला धरलेलं आणि खाली मोकळं, हेच बरोबर आहे. पीळ दिसतो खाली, पण त्याचं मूळ बहुधा वर किंवा कापणीत असतं. ते कुठे आहे हे आधी शोधू, मग उसवायला घे.

पहिली तपासणी अंगावरच कर. अस्तर फिरलेलं जाणवलं की चेन कुठे आहे ते बघ. चेन डाव्या कुशीवरून पुढे सरकली असेल तर अख्खा स्कर्टच फिरतोय. मग अस्तराला दोष देण्यात अर्थ नाही. कंबर सैल असेल, किंवा एका खांद्यावरची पर्स चालताना त्याच बाजूला घासून कापड ओढत असेल. तू लिहितेस की चेन जागेवर राहते आणि अस्तर एकटंच फिरतं. तेव्हा कंबरपट्टी निर्दोष सुटली.

दुसरी तपासणी अस्तर कंबरेतून उसवून करायची. त्याआधी पुढचा मध्य, मागचा मध्य आणि दोन्ही कुशी रंगीत दोऱ्याने खुणावून ठेव. मग एकटं अस्तर चिमटे लावून हँगरला टांग. चिमटे चारही खुणांजवळ, सारख्या उंचीवर हवेत. कुशीच्या खुणेपासून दोरा सोड आणि त्याच्या टोकाला किल्ली बांध. हा तुझा ओळंबा. पुढचा आणि मागचा भाग सारख्या उताराने कापला असेल तर कुशीची शिवण ओळंब्याच्या रेषेतच खाली यायला हवी. दोन्ही कुशी एकाच दिशेने फिरत असतील, म्हणजे एक पुढे आणि दुसरी मागे सरकत असेल, तर पीळ अस्तरातच आहे. दोन्ही सरळ उतरल्या तर अस्तर निर्दोष आहे आणि चूक बहुधा कंबरेला जोडताना झाली.

कंबरेच्या जोडणीत एक फसवी जागा आहे, ती आधी सांगते. अस्तराची उलटी बाजू स्कर्टच्या उलट्या बाजूला टेकते आणि सुलटी बाजू अंगाकडे येते. म्हणजे अस्तर उलटं करून घातल्यासारखं असतं. स्कर्ट सुलटा धरून चेनची फट डाव्या कुशीत ठेवलीस, तशीच अस्तर सुलटं धरून त्याच्याही डाव्या कुशीत ठेवलीस, तर आत बसवताना ती उजवीकडे जाते. मग फट चेनपाशी आणायला आपण अस्तर अर्धं फिरवतो आणि मागचा भाग पुढे येतो. मागच्या भागाचे टक खोल असतात, नितंबांवर तो रुंद असतो. तो पोटावर आला की पुढे सैल आणि मागे तंग होतं, आणि दर पावलाला तंग बाजू सैल बाजूला ओढून घेते. म्हणून अस्तराची फट नेहमी आरशातल्यासारखी, उलट कुशीत ठेवायची. तुझ्या फोटोत खोल टक मागेच दिसतात, म्हणजे इथे तू फसलेली नाहीस.

मला शंका आहे ती वेगळ्याच वाक्याची. तू सहज लिहिलंयस, ‘कापड थोडं कमी पडलं म्हणून मागचा भाग जरासा तिरका ठेवून कापला.’ बाहेरचं कापड तू असं कधीच कापलं नसतंस. अस्तर कोणाला दिसत नाही म्हणून तिथे सूट घेतली जाते. कापडाचा उभा धागा ताणला तरी फारसा वाढत नाही. तिरक्या दिशेला मात्र तेच कापड सैल पडतं आणि वजनाने लांबतं. पुढच्या भागात उभा धागा मध्यावरून सरळ उतरतोय आणि मागच्यात तो एका कुशीकडे कललाय. मग मागच्या भागाची एक कूस उभ्या धाग्याच्या जवळ गेली, ती ताठ राहते. दुसरी तिरकी झाली, ती लोंबते. एक कूस धरून ठेवते, दुसरी सुटते आणि सगळा घेर सैल बाजूकडे फिरतो. हे टेबलावर दिसत नाही, कारण तिथे कापडाला वजन नसतं. ओळंबा लावलास की दिसेल.

असं झालं असेल तर तो भाग वाचवता येत नाही. सुती अस्तर असतं तर ओलं करून, समोरासमोरचे कोपरे ओढून धागा थोडाफार सरळ करता आला असता. पण तोही कापण्यापूर्वीचा उपाय. पॉलिएस्टरचं क्रेप कारखान्यातच उष्णता देऊन पक्कं केलेलं असतं, ते ओढून बदलत नाही. म्हणून या पत्रासोबत त्याच रंगाचं एक मीटर क्रेप पाठवतेय. त्यात फक्त मागचा भाग नव्याने काप.

मापं तुझ्याच स्कर्टची धरू. तयार स्कर्टची लांबी ३४ इंच आहे. अस्तर तयार झाल्यावर ३३ इंच हवं, म्हणजे बसता-उठताना खालून डोकावणार नाही. वर अर्धा इंच माया, खाली दुमडीला पाऊण इंच आणि लोंबल्यावर सारखं करायला एक इंच धर. कापायची लांबी सव्वापस्तीस इंच झाली. मीटरभर कापडाची लांबी एकोणचाळीस इंचांवर असते, त्यामुळे भाग सरळ बसतो, तिरका ठेवायची वेळच येत नाही. क्रेपचा आडवा धागा ओढून काढणं जिकिरीचं असतं, म्हणून किनारीवर विसंब. किनार आखडलेली असेल तर तिला दोन-तीन इंचांवर छोटे काप दे. मग पेपर पॅटर्नची मधली रेघ वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला किनारीपासून टेपने मोज. दोन्ही आकडे एक आले की मगच कात्री लाव. कापड घडी न घालता एकेरी पसर, कारण दुकानदाराने घातलेली घडी सरळ असतेच असं नाही, आणि क्रेप घडीत सरकतं.

अस्तराचा घेर तू ५६ इंच ठेवलायस, बाहेरचा ७२ आहे. हे चालेल. पण लांब पाऊल टाकताना अरुंद अस्तर गुडघ्यापाशी अडतं, म्हणून तू खाली काप ठेवलास तो योग्य आहे. फक्त तो एकाच कुशीत ठेवलायस. मग एक पाय मोकळा सुटतो, दुसरा अस्तराला सोबत नेतो, आणि चालून चालून अस्तर वळतं. दोन्ही कुशींत सारखे, आठ-आठ इंचांचे काप ठेव.

आता शिवण. मशीनचे दाते खालचा थर पुढे नेतात आणि फूट वरच्या थराला दाबून मागे ठेवतो. गुळगुळीत कापडात पस्तीस इंचांची टीप संपेपर्यंत वरचा थर पाव इंचापर्यंत लांब उरू शकतो. तो जास्तीचा तुकडा कात्रीने छाटून टाकायचा मोह होतो, आणि बरोबर कापलेल्या अस्तरातही पीळ इथेच शिरतो. म्हणून कापतानाच नितंबांच्या आणि गुडघ्याच्या उंचीवर दोन्ही भागांना बारीक खुणा कर, त्या एकमेकींवर ठेवून कच्चे टाके घाल, मग मशीन चालव. दोन्ही कुशी घेराकडून कंबरेकडे शीव, म्हणजे रुंदीकडून अरुंद बाजूकडे. त्यामुळे तिरकी कड ताणली जात नाही. फूटचा दाब कमी करता येत असेल तर कर. शेवटी खुणा जुळल्या नाहीत तर छाटू नकोस, तेवढी टीप उसव आणि पुन्हा घाल.

कंबरेला जोडताना आधी चारच ठिकाणी टाचण्या लाव: पुढचा मध्य, मागचा मध्य, दोन्ही कुशी. अस्तरात टक शिवू नकोस, त्याच जागी तेवढीच चुणी घाल आणि ती बाहेरच्या टकाच्या उलट दिशेला वळव. जाडी एका जागी साचत नाही आणि बसताना अस्तराला थोडी ढील मिळते. चारही खुणा बसल्यावर कापड उरलंच तर ते त्या-त्या चुणीत मुरव. सगळं एका कुशीकडे ढकललंस की पुन्हा तीच कहाणी.

यानंतर लगेच दुमड घालू नकोस. स्कर्ट अस्तरासकट एक दिवस टांगून ठेव. ए-लाइनच्या कुशी थोड्या तिरक्या असतात, त्या आपल्या वजनाने खाली येतात, आणि सुती कापड व क्रेप सारखं उतरत नाही. दुसऱ्या दिवशी ओळंबा लाव. मग अंगावर घाल आणि कोणाला तरी जमिनीपासून पट्टीने चहूकडे खुणा करायला सांग. आधी बाहेरच्या घेराच्या, मग त्याच्या एक इंच वर अस्तराच्या. अस्तराची दुमड बारीक ठेव: पाव इंच आत, मग अर्धा इंच, आणि मशीनने टीप. दुमड स्कर्टच्या कापडाकडे वळलेली असू दे. जाड दुमड घातलीस तर घेर ताठ होतो आणि अस्तर पायाबरोबर न हलता अडकून राहतं.

खाली काही तरी धरून ठेवणारं हवंच असेल, तर दोन्ही कुशींत काप सुरू होतो त्याच्या जरा वर दोऱ्याची साखळी घाल. दुहेरी दोरा अस्तराच्या शिवणीच्या मायेत पक्का कर, सुईने किंवा क्रोशाच्या सुईने दीड इंच साखळी विण आणि टोक स्कर्टच्या शिवणीच्या मायेत अडकव, बाहेरच्या कापडात नाही. साखळी ढिली हवी. अस्तर वर चढू नये आणि पार फिरू नये, एवढंच तिचं काम. साखळी ताणली जाऊन बाहेरून शिवणीवर खळी दिसली, तर ती पीळ रोखतेय, म्हणजे पीळ अजून आतच आहे. मग ती काढ आणि पुन्हा ओळंब्यापासून बघ. म्हणून सांगते, साखळी सगळ्यात शेवटी, कुशी दोऱ्याच्या रेषेत आल्यावरच.

नवा भाग कापण्याआधी किनारीपासूनची दोन्ही मापं मला कळव. आईला नमस्कार सांग.

तुझी,
शैलामावशी